७.०५ चा मुहूर्त ६.४४ झाला, आता पाहुण्यांना कसं कळवायचं?

मागच्या भागात लग्नाच्या खर्चाबद्दल बोललो, तेव्हा बऱ्याच जणांनी विचारलं होतं की पत्रिका वाटून झाल्यावर मुहूर्तच बदलला तर काय करायचं? आमच्या घरी हे झालंय. माझ्या मावसबहिणीचं लग्न मे महिन्याच्या मध्यावर, नागपुरात. नवरदेवाकडची मंडळी मुंबईची. लग्नाला अकरा दिवस राहिले असताना मुहूर्त एकवीस मिनिटं आधी आला आणि सगळ्यांना कळवायचं काम माझ्याकडे आलं.

आधी हा बदल झालाच कसा ते सांगतो, कारण पाहुणे पहिला प्रश्न तोच विचारतात. पत्रिकेवर होता गोरज मुहूर्त, म्हणजे सूर्यास्ताच्या आसपासचा, गुरं रानातून परतायच्या वेळचा. तो ठरला मुंबईत, वराकडच्या घरी, मुंबईच्या वेळांचं पंचांग बघून. त्या दिवसांत मुंबईत सूर्य साधारण सात वाजून पाच मिनिटांनी मावळतो. पण लग्न तर नागपुरात! नागपूर मुंबईपेक्षा सहा अंशांहून थोडं जास्त पूर्वेला आहे आणि एका अंशाला चार मिनिटं हा हिशेब. म्हणजे जवळपास पंचवीस मिनिटं आधी. नागपूर थोडं उत्तरेलाही आहे, त्यामुळे उन्हाळ्यात तिथला दिवस जरा मोठा असतो आणि तीन-चार मिनिटं परत मिळतात. उरली एकवीस. हे लक्षात आलं आमच्या नागपूरच्या गुरुजींच्या, पत्रिका हातात पडल्यावर. सकाळच्या मुहूर्तालाही हे लागू आहे बरं का, कारण लग्नराशी कधी उगवते तेही गावावर अवलंबून असतं. पत्रिका छापण्याआधी गुरुजींना "ही वेळ कुठल्या गावची?" एवढं विचारलं असतं तर हा भाग करावाच लागला नसता.

आता कळवणं. माझी पहिली चूक घाईची. गुरुजींचा फोन ठेवला आणि घरच्या ग्रुपवर लिहून टाकलं, "मुहूर्त वीस मिनिटं पुढे आणलाय." दहा मिनिटांत तीन अर्थ निघाले. काका म्हणाले, बरं झालं, सातपंचवीस म्हणजे निवांत. आत्या म्हणाली, पुढे म्हणजे आधी ना रे? आणि एका मावशीने थेट नवरीच्या आईला फोन करून विचारलं, "तारीख बदलली? काही झालंय का तिकडे?"

यात त्यांचं काय चुकलं? मराठीत "पुढे" दोन्हीकडे जातं. पुढे ढकललं म्हणजे उशिरा, पुढे घेतलं म्हणजे लवकर. आणि "मुहूर्त बदलला" एवढंच वाचलं की लोकांच्या डोक्यात आधी तारीख येते, मग लग्न मोडल्याची शंका. म्हणून निरोपात पुढे-मागे नाही, "वीस मिनिटं" वगैरे वजाबाकी नाही. सरळ घड्याळातली वेळ, आणि तिच्याही आधी काय बदललेलं नाही ते.

दुसरी गडबड वराकडून झाली. त्यांनी त्यांच्या पाहुण्यांना "पावणेसात" कळवलं, कारण ६.४४ बोलायला अवघड. मग दोन्हीकडच्या लोकांनी एकमेकांना विचारायला सुरुवात केली की खरी वेळ कुठली. खरं तर दोन्ही घरांनी गुरुजींसमोर एक आकडा आणि एकच मजकूर पक्का करायचा आणि तोपर्यंत कुणीही काही पाठवायचं नाही. आम्ही हे दुसऱ्या दिवशी केलं. शेवटी दोन्हीकडून गेलेला मजकूर असा होता:

"लग्नाची तारीख आणि कार्यालय तेच आहे. मुहूर्ताची वेळ मात्र संध्याकाळी ७.०५ ऐवजी ६.४४ आहे. आधीची वेळ मुंबईच्या सूर्यास्ताची होती, ही नागपूरची आहे. मंगलाष्टकं साडेसहाच्या आत सुरू होतील, म्हणून सव्वासहापर्यंत यावं ही विनंती. जेवण ठरल्याप्रमाणे साडेसातपासून. आपण किती वाजेपर्यंत पोहोचाल, ते कळवा."

यातली सव्वासहाची ओळ सगळ्यात महत्त्वाची. मुहूर्त म्हणजे शेवटची अक्षता पडायची वेळ. जो ६.४४ ला दारात येतो, त्याला दिसतात फक्त हार आणि टाळ्या. शिवाय "लग्न कुठे वेळेवर लागतं" हा आपल्याकडचा भरवसा असतोच. वेळ उशिरा गेली असती तर लोक फार तर कंटाळले असते. वेळ आधी आली की त्यांचं लग्नच चुकतं.

शेवटचा प्रश्नही मुद्दाम तसा आहे. मी आधी "मेसेज मिळाला का?" असं विचारत होतो. सगळे "हो" म्हणायचे किंवा अंगठा दाखवायचे. निळ्या टिकांचं तर विचारूच नका. पण "किती वाजता पोहोचताय?" विचारल्यावर एक दादा म्हणाले, "पावणेसातला पोहोचतो, सातला आहे ना!" म्हणजे निरोप वाचलेला, पण डोक्यात पत्रिकाच.

व्हॉट्सअ‍ॅपची एक गोम इथेच सांगतो. ब्रॉडकास्ट लिस्टने पाठवलेला मेसेज फक्त त्यांनाच पोहोचतो ज्यांच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह आहे. माझा नंबर वराकडच्या कुणाकडे असणार? नवरीच्या वडिलांच्या ऑफिसातल्या लोकांकडेही नव्हता. म्हणून ती यादी त्यांच्याच फोनवरून पाठवली. आणि पत्रिकेचा जुना फोटो फिरतच राहतो, तो काही परत येत नाही. आम्ही त्याच फोटोवर ७.०५ वर ठळक काट मारून बाजूला ६.४४ लिहिलं आणि तोच पाठवला. नुसती नवी पत्रिका दिली असती तर दोन सारख्या दिसणाऱ्या पत्रिकांपैकी कुठली खरी, हे कुणाला कळणार?

फोन मात्र करावेच लागतात, पण सगळ्यांना नाही. ज्यांच्यावाचून लग्न अडतं ते पहिले: नवरीला मांडवात आणणारे मामा, अंतरपाट धरणारे, वरातीचा बँड, फोटोवाला. बँडवाल्याला मी जवळजवळ विसरलोच होतो. त्याच्या वहीत वरात सहाला निघणार होती, ती साडेपाचला करावी लागली. त्यानंतर व्हॉट्सअ‍ॅप न वापरणारे आजी-आजोबा, आणि त्याच दिवशी गाडीने उतरणारे. वराचे एक काका सव्वापाचला स्टेशनवर उतरणार होते. जुन्या वेळेला ते आंघोळ करून आरामात आले असते. नव्या वेळेला थेट कार्यालयात यावं लागणार होतं, म्हणून तिथे एक खोली आणि त्यांचा सदरा इस्त्री करून ठेवला.

तरी त्या संध्याकाळी सात वाजता एक कुटुंब अक्षता हातात घेऊन आलं. शेजारच्याच गल्लीतलं. शेजारी म्हणून त्यांना पत्रिका मी स्वतः हातात दिली होती, त्यामुळे ते ना वराच्या यादीत होते, ना वधूच्या.