इअरबड्स जोडले जातात, पण एकच कान वाजतो?

फोनवर ‘कनेक्टेड’ दिसतं, पण उजवा बड गप्प. अशा वेळी आधी तो बड केसमध्ये ठेवून त्याचा दिवा लागतो का बघा. लागत नसेल तर बड चार्जच होत नाहीये. बडच्या आणि केसच्या धातूच्या टिकल्या कोरड्या कापसाने पुसा, बहुतेकदा तिथे मळ साचलेला असतो.

दिवा लागतोय, तरी आवाज नाही? मग दोन्ही बड्सची आपापसातली जोडी तुटली असण्याची शक्यता जास्त. फोनच्या ब्लूटूथ यादीतून नाव ‘फर्गेट’ करा, दोन्ही बड्स केसमध्ये ठेवा आणि रीसेट करा. बऱ्याच मॉडेल्सना केसचं बटण 10-15 सेकंद दाबावं लागतं, नेमकी पद्धत माहितीपत्रकात असते. नुसतं ब्लूटूथ बंद-चालू करून ही जोडी सहसा जुळत नाही.

आवाज तुटक येत असेल तर मात्र रीसेटच्या मागे लागू नका. ब्लूटूथ 2.4 गिगाहर्ट्झवर चालतं, घरातलं वायफायही अनेकदा त्याच पट्ट्यात असतं आणि मायक्रोवेव्हही तिथेच गोंगाट करतो. शिवाय आपल्या शरीरातलं पाणी या लहरी शोषून घेतं. फोन मागच्या खिशातून काढून हातात धरा. आवाज लगेच सुधारला तर बड्स ठणठणीत आहेत. फोनचं वायफाय 5 गिगाहर्ट्झवर न्या आणि मगच दुकान गाठायचं का ते ठरवा.