लेखांक ६ : शेकाचा तिसरा आठवडा

समजा, गालाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झालेला पन्नाशीचा एक शेतकरी आहे. टाके सुकले, रेडिएशनचा शेक सुरू झाला. सोमवार ते शुक्रवार रोज एक, असे सहा आठवड्यांत तीस शेक. पहिल्या आठवड्यात तो म्हणतो, "काही त्रास नाही." दुसऱ्या आठवड्यात तोंड आतून लाल होतं. तिसऱ्यात जखमा होतात आणि पाण्याचा घोटही झोंबतो. घरचे म्हणतात, उष्णता वाढली, चार दिवस शेक थांबवू. खरा धोका इथेच आहे. त्या सुट्टीत उरलेल्या कॅन्सरच्या पेशी पुन्हा वाढू लागतात.

तोंडाच्या आतल्या अस्तराच्या जुन्या पेशी सतत झडतात आणि खालून नव्या येतात. शेकाने नव्या पेशी तयार होणं मंदावतं, जुन्या मात्र झडतच राहतात. म्हणून त्रास उशिरा दिसतो. केमोथेरपीतही जखमा साधारण पाच ते दहा दिवसांनी येतात.

तयारी पहिल्या शेकाआधीच करावी लागते. किडलेले दात काढायचे, टोकदार दात घासून घ्यायचे. शेकानंतर दात काढला तर जबड्याचं हाड नीट भरून न येण्याचा धोका असतो. मिश्री आणि तंबाखूही तेव्हापासूनच बंद. ब्रश अगदी मऊ हवा.

गुळण्यांचं पाणी घरीच होतं. उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात एक चमचा मीठ आणि एक चमचा खायचा सोडा. रोज ताजं करायचं, दर तीन-चार तासांनी आणि जेवणानंतर वापरायचं. याने जखम भरत नाही, पण तोंड स्वच्छ राहतं आणि चिकट लाळ सुटते. अल्कोहोल असलेले माउथवॉश टाळलेले बरे. बेंझिडामाइनच्या गुळण्यांचा शेकाच्या रुग्णांना उपयोग होतो, त्या डॉक्टरांना विचारून सुरू कराव्यात.

बर्फाचा उपाय वेगळा. फ्लुरोयुरॅसिल हे केमोथेरपीचं औषध शिरेतून झटकन दिलं जातं, तेव्हा पाच मिनिटं आधीपासून अर्धा तास बर्फाचे तुकडे चघळले, तर रक्तवाहिन्या आकसतात आणि तोंडाच्या अस्तरापर्यंत औषध कमी पोहोचतं. शेकाच्या जखमांवर मात्र हा उपाय चालत नाही.

आता पुन्हा तिसऱ्या आठवड्यातल्या त्या शेतकऱ्याकडे. दुखणं सोसत उपाशी राहण्यापेक्षा डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी घेतलेली बरी. गरज पडल्यास मॉर्फिनही देतात, त्याला बिचकू नये. कोमट पेज, मऊ वरणभात, दूध, अंड्याची पातळ भुर्जी चालते. तिखट, आंबट आणि कुरकुरीत नको. दर आठवड्याला वजन करायचं. ते झपाट्याने घटू लागलं तर नाकातून नळी घालून अन्न देतात. त्यामुळे शेक खंड न पडता पुरे होतात.

पुसल्यावर निघणारे दह्यासारखे पांढरे थर दिसले तर ती बुरशी असू शकते, तिला वेगळं औषध लागतं. केमोथेरपी चालू असताना ताप आला तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं, कारण पांढऱ्या पेशी कमी असताना जंतू या जखमांतून रक्तात शिरतात. शेक संपल्यावरही पहिला आठवडाभर त्रास तसाच राहतो. जखमा भरायला साधारण दोन ते सहा आठवडे लागतात, आणि तोवर गुळण्या चालू ठेवायच्या.