अंड्याला रंग चढतो शेवटी

नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या शाळांत पोषण आहारासोबत आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं ठरलं. जी मुलं अंडं खात नाहीत त्यांना केळं. काही ठिकाणी शाळेत अंडं शिजवावं की नाही यावरूनच वाद रंगले. सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत मात्र पालकांचं म्हणणं वेगळं होतं. अंड्याला कुणाची हरकत नव्हती, अंड्याच्या रंगाला होती. "हे पांढरं पोल्ट्रीचं अंडं नुसतं पाणी असतं, ताकद असते ती तांबड्या गावरान अंड्यात," असं पालकसभेत एका आजोबांनी ठणकावलं आणि मागच्या रांगेतल्या बऱ्याच माना डोलल्या. दोन-चार मुलं तर घरून ताकीद मिळाल्यामुळे ताटातलं अंडं शेजाऱ्याला देऊ लागली होती.

शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईंनी मग पालकांना दोन पानी पत्र लिहिलं. त्यात त्यांनी प्रथिनं आणि जीवनसत्त्वांचा तक्ता दिला नाही. तसा तक्ता प्रत्येक पाठ्यपुस्तकात असतो आणि कुणी वाचत नाही. त्यांनी कोंबडीच्या पोटात अंडं कसं तयार होतं ते क्रमाने सांगितलं. रंगाचा प्रश्न या क्रमातच सुटतो, म्हणून ही निवड चांगलीच म्हणायची.

पत्राची सुरुवात अशी होती: "पालकहो, सप्रेम नमस्कार. कोंबडीच्या पोटात अंडं आतून बाहेर तयार होत जातं. आधी बलक, मग पांढरं, मग पापुद्रा, मग कवच. रंग सगळ्यात शेवटी. रंग लागतो तेव्हा आतला माल कधीच भरून झालेला असतो."

हे अक्षरशः खरं आहे. अंडाशयातून पिवळा बलक सुटला की तो एका लांब, वळणावळणाच्या नळीत उतरतो. या नळीच्या एका मोठ्या भागात साधारण तीन तासांत त्याच्याभोवती पांढऱ्या बलकाचे थर चढतात. पुढे तासाभरात दोन पातळ पापुद्रे येतात. उकडलेलं अंडं सोलताना कवचाला चिकटून येतो तो हाच पापुद्रा. त्यानंतर अंडं कवच बनवणाऱ्या भागात पोचतं आणि तिथे सगळ्यात जास्त, सुमारे वीस तास, मुक्काम करतं. या काळात कोंबडीच्या रक्तातला चुना, म्हणजे कॅल्शियम, पापुद्र्यावर कणाकणाने जमत जातो. इथपर्यंत पांढरी आणि तांबडी अंडी देणाऱ्या, दोन्ही जातींच्या कोंबडीचं अंडं जवळपास पांढरंच असतं. तांबडी अंडी देणाऱ्या जातींत शेवटच्या काही तासांत कवचाच्या वरच्या थरात आणि त्यावरच्या पातळ लेपात तांबूस रंगद्रव्य मिसळतं. पांढऱ्या अंड्याच्या जातीत हे होत नाही. दोन्ही अंड्यांत फरक आहे तो एवढाच.

त्या रंगद्रव्याचं नाव प्रोटोपॉर्फिरिन. रक्ताला लाल करणारा घटक बनवताना शरीर ज्या पायऱ्या चढतं, त्यातल्या शेवटच्या पायऱ्यांपैकी ही एक. त्याचं प्रमाण अगदी थोडं असतं आणि ते राहतं कवचात. कवच आपण फेकून देतो, त्यामुळे खाणाऱ्याच्या पोटात त्यातलं काहीही जात नाही.

बाईंनी पालकांना घरी करून बघायला एक प्रयोगही सांगितला. दोन काचेचे ग्लास घ्यायचे, एकात पांढरं आणि दुसऱ्यात तांबडं अंडं ठेवायचं आणि अंडी बुडतील इतकं स्वयंपाकाचं व्हिनेगर ओतायचं. लगेच कवचावर बुडबुडे दिसू लागतात, कारण आम्लामुळे चुन्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो. तांबड्या अंड्याच्या ग्लासात काही वेळातच तपकिरी साय वर येते. बोटाने चोळलं की रंगाचा थर निघतो आणि खाली फिकट कवच दिसतं. व्हिनेगर एकदा बदलून एक-दोन दिवस थांबलं की दोन्हीकडची कवचं विरघळतात आणि हातात रबरी चेंडूसारखी दोन पारदर्शक अंडी येतात. त्यातलं कुठलं आधी तांबडं होतं हे मग बघून सांगता येत नाही. (ही अंडी खायची नाहीत, हे पत्रात ठळक अक्षरांत होतं. मुलं काय करतील याचा शिक्षकांना अंदाज असतो.)

मग एक कोंबडी पांढरं आणि दुसरी तांबडं अंडं का देते? उत्तर जातीत आहे. व्हाइट लेगहॉर्न आणि तिच्यापासून तयार केलेल्या पोल्ट्रीतल्या संकरित कोंबड्या पांढरी अंडी देतात; ऱ्होड आयलंड रेडसारख्या जाती आणि आपल्याकडच्या बहुतेक गावरान कोंबड्या तांबूस, बदामी छटांची. गावाकडे कोंबड्या पाळणाऱ्यांना माहीत असलेली एक खूणही बाईंनी दिली होती. कोंबडीच्या कानाजवळ कातडीचा लहानसा लोंबता भाग असतो, ती तिची कानाची पाळी. पाळी पांढरी असेल तर अंडं बहुधा पांढरं आणि लाल असेल तर बहुधा तांबडं. ही खूण पुष्कळ जातींत जुळते, सगळ्यांत नाही. पिसांच्या रंगावरून मात्र काही ठरत नाही. कडकनाथची कातडी, मांस आणि हाडंसुद्धा काळपट असतात, म्हणून पहिल्यांदा अंडं घेणारा माणूस काळं अंडं मागतो आणि त्याला मिळतं फिकट बदामी अंडं. दक्षिण अमेरिकेतल्या अरौकाना कोंबडीची अंडी चक्क निळसर असतात. त्यांच्यातही आत तेच बलक, तेच पांढरं.

इथे पत्राने विषयाला जे वळण दिलं, ते सगळ्यात महत्त्वाचं आहे. बाईंनी लिहिलं: "तुम्ही 'तांबडं' म्हणता तेव्हा तुमच्या मनात 'गावरान' असतं. हे दोन वेगळे प्रश्न आहेत."

खरोखरच ते वेगळे आहेत. आज बाजारात दिसणारं प्रत्येक तांबडं अंडं अंगणात फिरणाऱ्या कोंबडीचं नसतं. तांबडी अंडी देणाऱ्या संकरित कोंबड्याही पोल्ट्रीत, पिंजऱ्यात, पांढरी अंडी देणाऱ्या कोंबड्यांसारखंच मका-सोयाबीनचं खाद्य खाऊन वाढवल्या जातात. त्यांचं अंडं रंगाने गावरान आणि बाकी सगळ्या बाबतीत पोल्ट्रीचं असतं. ब्रिटनमधल्या मराठी कुटुंबांना हे लगेच पटेल. तिथल्या दुकानांत वर्षानुवर्षं बहुतेक सगळी अंडी तांबडीच मिळत आली आहेत आणि त्यातली लाखो अंडी मोठमोठ्या शेडमधून येतात. अमेरिकेत उलट, साध्या ट्रेमध्ये पांढरी अंडी असतात आणि तांबडी महाग मिळतात. तांबडी अंडी देणाऱ्या जाती अंगाने थोड्या जड असतात, त्यांना खाद्य जास्त लागतं, तो खर्च किमतीत येतो. गिऱ्हाईक त्या किमतीवरून आपल्या मनाशी गुणवत्ता ठरवतं.

खाण्याने मात्र अंड्यात फरक पडतो आणि बाईंनी तो लपवला नाही. कोंबडीच्या खाद्यात जवस घातलं तर बलकातली ओमेगा-३ स्निग्धाम्लं वाढतात. कोंबडी उन्हात फिरली, किंवा तिच्या खाद्यात ड जीवनसत्त्व वाढवलं, तर बलकातही ते वाढतं. हे बदल बलकात होतात आणि पांढऱ्या अंड्याच्या कोंबडीलाही तितकेच लागू आहेत. अंगणातल्या अंड्याचा बलक गडद केशरी असतो, ते "ताकदीचं" लक्षण म्हणून पुष्कळांना सांगितलं जातं. तो रंग येतो हिरवा पाला, मका अशा खाद्यातल्या रंगद्रव्यांतून. पोल्ट्रीवालाही खाद्यात झेंडूच्या फुलांचा अर्क घालून हवा तसा केशरी बलक मिळवू शकतो. बलक फिकट असला म्हणून त्यातली प्रथिनं कमी होत नाहीत.

सगळ्यात जास्त चर्चा झाली ती पत्रातल्या हिशेबाची. बाईंनी भाव आपल्या गावच्या बाजारातले धरले होते: पोल्ट्रीचं अंडं सहा रुपये, गावरान बारा. पोल्ट्रीचं अंडं साधारण पंचावन्न ग्रॅमचं, गावरान चाळीसच्या आसपास. अंड्याच्या वजनात कवचाचा वाटा सुमारे एक दशांश, म्हणजे खायला उरतात अनुक्रमे ४९ आणि ३६ ग्रॅम. कोंबडी कुठलीही असो, खाण्याच्या भागात प्रथिनं सुमारे साडेबारा टक्के असतात. म्हणजे पोल्ट्रीच्या अंड्यातून सहा ग्रॅम आणि गावरान अंड्यातून साडेचार ग्रॅम. एक ग्रॅम प्रथिनासाठी पांढऱ्या अंड्यात एक रुपया पडतो आणि गावरान अंड्यात पावणेतीन.

गावरानच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी. लहान अंड्यात पांढऱ्याच्या मानाने बलकाचा वाटा थोडा जास्त असतो, म्हणून वजनाला वजन धरलं तर स्निग्धांश आणि बलकातली जीवनसत्त्वं किंचित जास्त भरू शकतात. चव आवडत असेल तर त्यासाठी जास्त पैसे देणंही गैर नाही. बारा रुपये घेणारी बाई फसवतही नसते. तिच्या कोंबडीची अंडी वर्षाला साठ-ऐंशीच्या घरात असतात आणि पोल्ट्रीतल्या कोंबडीची तीनशेच्या. इतकी कमी अंडी असली की प्रत्येकाची किंमत चढणारच. मात्र ती किंमत कोंबडीच्या संथपणाची आहे, अंड्याच्या रंगाची नाही.

शाळेच्या दृष्टीने हिशेब महत्त्वाचा आहे, कारण त्या योजनेत एका अंड्यामागे पाच रुपये मिळायचे. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने अंड्यासाठीचा निधी थांबवला आणि शाळांना लोकवर्गणीतून सोय करायची मुभा ठेवली. वर्गणीच्या पैशात गावरानचा आग्रह धरला, तर अर्ध्याच मुलांच्या ताटात अंडं येईल.

पत्राच्या शेवटी बाईंनी अंडं कसं तपासायचं तेही सांगितलं आहे, कारण रंगापेक्षा ताजेपणा जास्त मोलाचा. एका पातेल्यात पाणी घेऊन त्यात अंडं सोडायचं. ताजं अंडं तळाशी आडवं पडतं, थोडं जुनं झालेलं उभं राहू लागतं आणि फार शिळं वर तरंगतं. कवचाला बारीक छिद्रं असतात, त्यातून आतलं पाणी उडतं आणि बोथट टोकाची हवेची पोकळी वाढत जाते, म्हणून असं होतं. तडकलेलं अंडं घ्यायचं नाही. आणि तांबडं अंडं घेताना रंग संशयास्पद एकसारखा, जणू एकाच घाण्यातला वाटला, तर दुकानदाराला एक प्रश्न विचारायचा: पांढऱ्या अंड्याला चहाच्या पाण्याने रंग देऊन गावरान म्हणून विकल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. खऱ्या गावरान टोपलीत एक अंडं फिकट, दुसरं गडद, तिसरं ठिपक्यांचं असतं, कारण ती वेगवेगळ्या कोंबड्यांची असतात. शिवाय कोंबडीचं वय वाढलं, ती आजारी पडली किंवा घाबरली की तिच्याच अंड्याचा रंग फिका पडतो.