दहा जणांना पुढे पाठवा

आईच्या फॉरवर्डवर मराठीत गमतीचं गाणं रचायचं असेल, तर त्याची पहिली ओळ फोनमध्ये तयारच असते. ‘दहा जणांना पुढे पाठवा.’ मात्रा मोजून बघा. द एक, हा दोन, ज एक, णां दोन, ना दोन, म्हणजे आठ. ‘पुढे पाठवा’च्याही आठ. आठ अधिक आठ मिळून सोळा मात्रांच्या या चरणाला छंदशास्त्रात पादाकुलक म्हणतात आणि तो आठ मात्रांच्या केरव्यावर सहज चालतो. टाळ्या वाजवत म्हणून बघा, एकही अक्षर अडत नाही. माझ्या मते या गाण्याचं ध्रुपद हेच हवं. गाण्यात लेकीने कितीही चिडवलं तरी दर कडव्याच्या शेवटी आईचंच वाक्य परत येतं आणि तीच जिंकते.

अशा गाण्याला साचा शोधायला लांब जायला नको, भोंडल्यात तो आहे. कारल्याच्या वेलाचं गाणं घ्या. माहेरी जायला निघालेल्या सुनेपुढे सासू एकामागून एक अटी घालत जाते. वेल लाव, मग त्याला कारली येऊ दे, मग पुढचं. गंमत त्या न संपणाऱ्या साखळीत असते. वेड्या नवऱ्याच्या गाण्यातही तेच. प्रत्येक कडव्यात तो नवी वस्तू बघून नवा गैरसमज करून घेतो आणि सगळ्याजणी मिळून त्याच्या वेडावर हसतात. भोंडल्याने सासर मनसोक्त चिडवलं, आईच्या वाटेला मात्र तो गेला नाही. माहेर म्हणजे ओढीची जागा होती. आता लेक शिक्षणाला, नोकरीला दूर राहते आणि आई रोज सकाळी फोनवर भेटते, म्हणून ही चेष्टा आता सुचते.

फॉरवर्डच्या त्रासावर परदेशात गाणं झालेलं आहे. अमेरिकेतला विनोदी गायक ‘वियर्ड अल’ यांकोविक याने 2011 च्या ‘अल्पोकॅलिप्स’ या अल्बममध्ये ढकलपत्री ई-मेलांवर एक लांबलचक, भव्य रॉक चालीचं गाणं केलं. एवढ्याशा तक्रारीला एवढा मोठा सूर, हा त्यातला विनोद. पण तिथे गाणारा वैतागलेला आहे आणि समोरचा कुणी ओळखीचा माणूस आहे. समोर आई आली की नुसत्या वैतागावर गाणं उभं राहत नाही.

आता प्रत्यक्ष रचू. पहिला प्रयत्न सहसा असा होतो: ‘आई पाठवते गुलाब रोज’. अर्थ बरोबर, पण ‘आई पाठवते’च्या दहा मात्रा होतात आणि ‘गुलाब रोज’च्या सात. म्हणताना पहिल्या अर्ध्यात धाप लागते आणि दुसऱ्यात टाळी रिकामी जाते. शिवाय या ओळीत काहीच घडत नाही. म्हणून घटना आणायची आणि साखळी सुरू करायची:

पहाट झाली, सूर्य उगवला
आईचा मग गुलाब आला
गुलाब सरला, विचार आला
दहा जणांना पुढे पाठवा!

प्रत्येक अर्ध्यात आठ मात्रा बसल्या. गुलाबावर दव, कोपऱ्यात चहाचा कप आणि खाली सुविचार, हे चित्र प्रत्येक घरात पोचलेलं असल्यामुळे वर्णन करावं लागत नाही. या चित्रांनी भारतातले फोन इतके भरले, की गूगलने फोनमधली जागा मोकळी करणाऱ्या आपल्या अ‍ॅपमध्ये ‘गुड मॉर्निंग’ची चित्रं ओळखून पुसायची सोयही केली.

दुसरं कडवं घरगुती औषधांचं हवं, कारण तिथे आईचा ठामपणा दिसतो:

हळद सांगते गुडघ्यावरती
मेथी सांगे साखरेवरी
डॉक्टर म्हणती नको नको ते
आई म्हणते, पुढे पाठवा!

इथे ध्रुपदाचा फक्त उत्तरार्ध उरला आणि ‘दहा जणांना’च्या जागी खुद्द आई आली. ऐकणाऱ्यांना दहा जणांची वाट बघायची सवय लागलेली असते, ती मोडते तिथेच हशा येतो. हा बदल पहिल्याच कडव्यात केला तर वाया जातो.

तपशिलातही गाण्याजोगं बरंच आहे. व्हॉट्सअ‍ॅपने जुलै 2018 मध्ये पुढे ढकललेल्या निरोपावर बाणाची खूण लावायला सुरुवात केली आणि त्याच महिन्यात भारतात एका वेळी पाचच ठिकाणी निरोप पुढे पाठवता येईल असं जाहीर केलं. फार फिरून आलेल्या निरोपावर दोन बाण दिसतात आणि एप्रिल 2020 पासून तो एका वेळी एकाच ठिकाणी जातो. म्हणजे दहा जणांची आज्ञा पाळायला आईला दहा वेळा तेच करावं लागतं, आणि ती करते. यावर एक कडवं नक्की होईल.

या बंधनांमागे महाराष्ट्रातलीही एक घटना आहे. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. तशा अफवा व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरत होत्या. म्हणून माझं स्पष्ट मत आहे, की गाण्यात गुलाब, सुविचार, मेथी, हळद यावी. भीती आणि द्वेष पसरवणारे निरोप येऊ नयेत. तसं काही आईकडून आलं तर तिला फोन करून शांतपणे सांगावं. ते हसण्यावारी नेलं तर ते खपवून घेतल्यासारखं होतं.

गाणं बिघडण्याची दुसरी जागा म्हणजे आईच्या न कळण्यावर हसणं. तिचं चुकलेलं टायपिंग, चुकीच्या ग्रुपवर गेलेला फोटो यांवर एक टाळी मिळते, पण ती कानकोंडी होते. गाणं ऐकल्यावर आईचे निरोप बंद झाले तर तिला ते लागलं असं समजावं. तेच गाणं तिने भिशीच्या ग्रुपवर टाकलं तर गाणं जमलं.

शेवटच्या कडव्यात लय निम्मी करावी, टाळ्या थांबवाव्यात आणि एकीनेच म्हणावं:

पोचलीस का? जेवलीस का?
बाण नसे या निरोपावरी
पोचलीस का? जेवलीस का?
हा मात्र कुणा नको पाठवू

दिवसभराच्या ढिगाऱ्यात आईने स्वतः लिहिलेला निरोप हाच असतो, आणि त्याच्यावर बाणाची खूण नसते. आधीची सगळी चेष्टा या ओळीसाठी केलेली असते, म्हणून हे कडवं गाळू नये. मुलगा गात असेल तर ‘पोचलास’, ‘जेवलास’ करावं, मात्रा तेवढ्याच राहतात.

पहिली आणि शेवटची कडवी हवी तर इथली घ्या, मधली मात्र आपल्या आईच्या फोनवरून रचा. कुणाची आई पंचांग पाठवते, कुणाची रेल्वेचं वेळापत्रक, तर कुणाची हरवलेल्या मुलाचा जुना फोटो. गाणं तयार झालं की चारचौघांत म्हणण्याआधी एकदा तिला एकटीला ऐकवा आणि ती म्हणेल ते कडवं काढून टाका.