गाडीला किल्ली लावण्याआधी शुगर किती असावी?

इन्सुलिन किंवा शुगर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्या व्यक्तीने गाडी सुरू करण्याआधी रक्तातील साखर किमान 90 मिलिग्रॅम असल्याची खात्री करावी. हा आकडा एक डेसिलिटर, म्हणजे 100 मिलिलिटर रक्तामागचा असतो. 70 च्या खाली शुगर गेली की ती ‘लो’ मानली जाते आणि 54 च्या खाली ती गंभीर असते. मग 70 ऐवजी 90 का? एक तर ग्लुकोमीटर अगदी काटेकोर नसतो. 100 च्या खालच्या साखरेत चांगल्या यंत्राचा आकडाही 15 पर्यंत इकडेतिकडे होऊ शकतो. दुसरे म्हणजे आकडा त्या क्षणाचा असतो, प्रवास मात्र पुढचा तासभर चालतो आणि त्या काळात इन्सुलिनचे काम सुरूच असते.

ब्रिटनमध्ये इन्सुलिन घेणाऱ्या चालकांना हाच आकडा सांगितला जातो. तिथल्या मापात तो 5 आहे. निघण्यापूर्वीच्या दोन तासांत एकदा आणि लांबच्या प्रवासात दर दोन तासांनी शुगर तपासावी, असे तिथला नियम सांगतो. आपल्याकडेही व्यवहारात हीच शिस्त उपयोगी पडते. शुगर 90 किंवा त्याहून जास्त असेल तर निघता येते. 70 ते 90 च्या दरम्यान असेल तर आधी खावे आणि पुन्हा तपासावे. 70 च्या खाली असेल तर गाडी चालवू नये, आधी लो शुगरवर उपचार करावा. दंडावर सेन्सर असेल तर आकड्याशेजारचा बाणही पाहावा. सेन्सर रक्तातील नव्हे, त्वचेखालच्या द्रवातील साखर मोजतो, त्यामुळे शुगर झपाट्याने उतरत असताना तो काही मिनिटे मागे राहतो. 100 हा आकडा आणि खाली वळलेला बाण असेल, तर काही खाल्ल्याशिवाय निघू नये.

ही खबरदारी प्रत्येक मधुमेह्याला सारखी लागू नाही. इन्सुलिन तसेच ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या गोळ्यांमुळे शुगर लो होऊ शकते. नुसत्या मेटफॉर्मिनवर असलेल्यांना हा धोका फारच कमी असतो. गोळ्यांच्या पाकिटावरील रासायनिक नाव वाचले की आपण कोणत्या गटात आहोत ते कळते. पाकिटावर ग्लिमेपिराइडसोबत व्होग्लिबोस किंवा अकार्बोज असेल, तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. ही औषधे साध्या साखरेचे पचन लांबवतात. त्यामुळे लो झाल्यावर खडीसाखर किंवा गोळ्या-चॉकलेट लवकर काम करत नाही, ग्लुकोज पावडरच लागते.

लो शुगरची अडचण अशी, की ज्या मेंदूने धोका ओळखायचा त्यालाच इंधन कमी पडलेले असते. हात थरथरणे, घाम, छातीत धडधड, अचानक भूक ही सुरुवातीची लक्षणे असतात. पण उन्हात हेल्मेट घातलेल्या दुचाकीस्वाराला घाम येतोच, आणि खडबडीत रस्त्यावर हँडल हातात थरथरतच असते. म्हणून गाडी चालवताना चुकांकडे लक्ष द्यावे. रोजचे वळण चुकणे, चुकीचा गिअर पडणे, मागच्या हॉर्नवर एरवी येत नाही इतका राग येणे, समोरचे धूसर दिसणे, यांपैकी काहीही झाले तर शुगर लो आहे असेच धरावे. बरीच वर्षे मधुमेह असलेल्या किंवा वारंवार लो होणाऱ्या काहींना धोक्याची ही लक्षणे जाणवेनाशी होतात. रक्तदाबासाठी दिलेल्या बीटा-ब्लॉकर गोळ्यांनीही थरथर आणि धडधड झाकली जाते. अशांनी लक्षणांच्या भरवशावर गाडी चालवू नये.

शंका आली की पहिले काम गाडी थांबवण्याचे असते, मोजण्याचे नाही. चालत्या गाडीत पर्स किंवा डिकी चाचपू नये. कारमध्ये डावा इंडिकेटर द्यावा, आरसा पाहावा, करकचून ब्रेक न दाबता वेग उतरवत रस्त्याच्या डाव्या कडेला यावे. पुढे लगेच पेट्रोल पंप किंवा हॉटेलचे आवार दिसत असेल तर तिथे वळावे, पण चांगल्या जागेच्या शोधात पुढे जात राहू नये. थांबल्यावर हँडब्रेक ओढावा, चारही इंडिकेटर लावावेत, इंजिन बंद करून किल्ली काढावी. शक्य असल्यास शेजारच्या सीटवर सरकावे, म्हणजे गोंधळलेल्या अवस्थेत गाडी पुन्हा सुरू करण्याचा मोह होत नाही. दुचाकी असेल तर अ‍ॅक्सिलरेटर हळूहळू सोडून डावीकडे घ्यावी, साइड स्टँडवर लावावी, किल्ली काढावी, उतरून वाहतुकीपासून दूर जमिनीवर बसावे आणि हेल्मेट काढावे. गाडीवरच बसून राहिल्यास चक्कर येऊन गाडीसकट पडण्याची भीती असते.

थांबताक्षणी 15 ग्रॅम ग्लुकोज घ्यावे, म्हणजे चहाचे साधारण तीन भरलेले चमचे पावडर थोड्या पाण्यातून. बिस्किट किंवा दुधाच्या चॉकलेटने साखर सावकाश चढते, म्हणून ते पहिल्या घासाला नको. शुगर 15 मिनिटांनी तपासावी. 70 च्या खालीच असेल तर तेवढेच ग्लुकोज पुन्हा घ्यावे. तपासण्याआधी बोट पाण्याने धुऊन कोरडे करणे फार गरजेचे असते, कारण बोटाला लागलेली पावडर रक्तात मिसळून आकडा खोटाच वाढवते. ग्लुकोमीटरच्या पट्ट्या तापलेल्या डिकीत ठेवल्या तर खराब होतात. त्या खांद्यावरच्या पिशवीत, आणि ग्लुकोज खिशात असावे.

एक उदाहरण घेऊ. सकाळी 8 ला मिश्र इन्सुलिन आणि नाश्ता घेतलेले गृहस्थ दुपारी 12 ला स्कूटरने निघतात. शुगर 82 असते, पण जेवण पोहोचल्यावरच करायचे ठरवून ते तसेच जातात. सकाळच्या इन्सुलिनचे काम अजून चालूच असते. 12:40 ला नेहमीचा फाटा मागे राहिल्याचे लक्षात येते. ते थांबतात, उतरतात, मोजतात : 58. ग्लुकोज घेऊन 12:57 ला 66, पुन्हा ग्लुकोज, 1:12 ला 98. ग्लुकोजचा परिणाम फार टिकत नाही, म्हणून ते डब्यातली पोळी-भाजी तिथेच खातात. आकडा 90 च्या वर गेला तरी लगेच किल्ली लावता येत नाही, कारण मेंदूची प्रतिक्रिया देण्याची गती मागाहून सावरते. त्यासाठी शुगर सावरल्यापासून 45 मिनिटे थांबावे लागते. 2 वाजता पुन्हा तपासून 121 दिसल्यावर ते निघतात. घरून निघताना तीच पोळी खाऊन पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा मोजले असते, तर रस्त्यावरचा सव्वा तास वाचला असता.

लो झालेल्या माणसाला गिळता येत नसेल किंवा शुद्ध हरपली असेल, तर तोंडात काहीही घालू नये, ते श्वासनलिकेत जाऊ शकते. त्याला कुशीवर वळवून 108 किंवा 112 वर फोन करावा. अडखळत बोलणारा, घामाघूम झालेला चालक अनेकदा दारू प्यायलेला समजला जातो. ‘मला मधुमेह आहे, इन्सुलिन घेतो’ असे लिहिलेले कार्ड लायसन्सच्या पाकिटात असेल, तर मदतीला आलेल्याला खरे कारण कळते.