झोपेआधीचा कप : गुण फुलाचा की सवयीचा?

कॅमोमाइल ही शेवंतीच्या कुळातली वनस्पती. पांढऱ्या पाकळ्या आणि मधोमध पिवळा, फुगीर गोंडा असलेली तिची छोटी फुले वाळवून गरम पाण्यात भिजवली, की फिकट सोनेरी, सफरचंदासारख्या मंद वासाचा चहा तयार होतो. चहाच्या झाडाचे पान त्यात नसते, त्यामुळे कॅफीनही नसते. युनानी वैद्यकात हे फूल ‘बाबूना’ या नावाने ओळखले जाते. युरोपात मात्र जुन्या काळापासून त्याचा मुख्य उपयोग पोटदुखी आणि गॅसेस यांवर झाला. युरोपीय औषध संस्थेच्या मान्य पारंपरिक उपयोगांत आजही पोटाच्या किरकोळ तक्रारी, सर्दी, तोंड येणे अशा गोष्टी आहेत. झोप त्यात नाही.

झोपेशी या फुलाचे नाते जोडले जाते ते त्यातल्या एपिजेनिन या द्रव्यामुळे. मेंदूत डायझेपामसारख्या शामक गोळ्या ज्या ठिकाणी जाऊन चिकटतात, तिथेच एपिजेनिनही चिकटते, असे 1995 मध्ये अर्जेंटिनातल्या संशोधकांनी दाखवले आणि उंदरांवर त्याचा शांतवणारा परिणामही नोंदवला. पण तो प्रयोग शुद्ध द्रव्याचा होता. एपिजेनिन पाण्यात फारसे विरघळत नाही. त्यामुळे कपात त्याचे थोडेच प्रमाण उतरते, आणि त्यातलेही मेंदूपर्यंत किती पोचणार हा प्रश्न उरतोच.

वनस्पती आणि सवय यांचे वाटे वेगळे करायचे, तर तीन चाचण्या शेजारी ठेवून पाहाव्या लागतात. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाने 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत जुनाट निद्रानाशाच्या 34 रुग्णांपैकी काहींना कॅमोमाइल अर्काच्या आणि काहींना तशाच दिसणाऱ्या पोकळ औषधाच्या गोळ्या 28 दिवस दिल्या गेल्या. इथे कप नव्हता, वाफ नव्हती, वास नव्हता. होती ती फक्त वनस्पती. झोपेच्या नोंदींत दोन गटांत ठळक फरक दिसला नाही.

तैवानमधल्या चाचणीत उलटे होते. झोप नीट न लागणाऱ्या 80 बाळंतिणींपैकी निम्म्यांनी दोन आठवडे कॅमोमाइल चहा घेतला, उरलेल्यांना नेहमीचीच देखभाल मिळाली. चहा घेणाऱ्यांच्या झोपेच्या काही तक्रारी आणि मनाची उदासी कमी झाली, पण चहा थांबल्यावर काही आठवड्यांत हा फरक पुसला गेला. दुसऱ्या गटाला कोणताच कप मिळाला नसल्याने हा गुण फुलाचा की स्वतःसाठी शांतपणे काढलेल्या वेळाचा, हे या चाचणीतून सांगता येत नाही.

तिसरी चाचणी ऑस्ट्रेलियातली, कॅमोमाइलऐवजी कृष्णकमळाच्या कुळातल्या पॅशनफ्लॉवरची, आणि या प्रश्नासाठी ती सर्वांत बोलकी आहे. 41 निरोगी तरुणांनी एक आठवडा पॅशनफ्लॉवरचा आणि एक आठवडा पार्स्लीच्या पानांचा चहा रात्री घेतला. गरम कप, ठरलेली वेळ, दोन्हीकडे सारखेच. बदलली ती केवळ वनस्पती. पॅशनफ्लॉवरच्या आठवड्यात लोकांनी स्वतःच्या झोपेला किंचित जास्त गुण दिले. पण त्यांच्यापैकी दहा जणांची झोप यंत्राने मोजली, तेव्हा तसा फरक आढळला नाही. म्हणजे वनस्पतीचा वाटा असलाच, तर तो लहान आहे.

सवयीचा वाटा कुठून येतो, हे समजायला सोपे आहे. झोप लागण्याआधी शरीर हातापायांच्या त्वचेतून उष्णता बाहेर टाकते, आणि पावले उबदार असली की झोप लवकर लागते, हे स्वित्झर्लंडमध्ये मोजले गेले आहे. गरम कप या उष्णतेच्या हालचालीला थोडा हातभार लावत असावा. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे कपाने काय बाजूला सारले. रात्री साडेनऊचा दूधसाखरेचा चहा किंवा कॉफी गेली, तर तेवढ्यानेच झोप सुधारू शकते. झोपेच्या सहा तास आधी घेतलेले भरपूर कॅफीनसुद्धा रात्रीची झोप तासाभराने कमी करते. म्हणूनच पाकिटावरचे घटक वाचावेत. ‘कॅमोमाइल ग्रीन टी’मध्ये चहाची पाने असतात आणि कॅफीनही. आपल्याकडचे रात्रीचे जायफळ घातलेले दूधही बहुधा याच सवयीच्या बळावर टिकून आहे.

कप करायचा तर दोन-तीन ग्रॅम, म्हणजे साधारण दोन चमचे सुकी फुले कपभर उकळत्या पाण्यात घालून वर झाकण ठेवावे. झाकले नाही तर सुगंधी तेल वाफेबरोबर उडून जाते. पाच ते दहा मिनिटांनी गाळावे. अगदी झोपताना प्यायल्यास लघवीसाठी उठावे लागते, म्हणून तासभर आधी घेणे बरे. शेवंती, गाजरगवत अशा वनस्पतींची ॲलर्जी असलेल्यांना कॅमोमाइलचाही त्रास होऊ शकतो. रक्त पातळ करणारे वॉरफरिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते नियमित पिऊ नये. दोन्ही एकत्र घेतल्यावर गंभीर रक्तस्राव झाल्याची नोंद वैद्यकीय साहित्यात आहे. आणि आठवड्यातून तीन किंवा अधिक रात्री झोप लागत नसेल, असे तीन महिने चालले असेल, तर तो निद्रानाशाचा आजार असू शकतो. त्यावर झोपेच्या सवयी आणि विचार बदलणारी वर्तनोपचार पद्धती हा पहिला इलाज मानला जातो. त्याची जागा कोणताही चहा घेऊ शकत नाही.