औषधाच्या नावाचं आडनाव

आमच्या गटातल्या एक मावशी गावच्या आरोग्य केंद्रातून बीपीची गोळी आणून रोज घ्यायच्या. पुढे लेकाने त्यांना नगरला दाखवलं. तिथल्या डॉक्टरांनी वेगळी गोळी लिहून दिली. जुनी चालू आहे हे मावशींनी सांगितलं नाही, तिकडे कुणी विचारलंही नाही. त्या दोन्ही घेत राहिल्या. थोड्याच दिवसांत अंथरुणातून उठलं की डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली.

बैठकीत त्यांनी दोन्ही पट्ट्या पुढे ठेवल्या. रंग वेगळा, कंपनी वेगळी. पण एकीवर लिहिलं होतं लोसार्टन, दुसरीवर टेल्मिसार्टन. शेवट दोन्हींचा एकच, सार्टन.

पट्टीवर बहुधा दोन नावं असतात. एक कंपनीने ठेवलेलं, ते कंपनीगणिक बदलतं. दुसरं औषधाचं मूळ नाव, म्हणजे जेनेरिक. ही मूळ नावं जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीने ठरतात आणि एका कुळातल्या औषधांचा शेवट सहसा सारखा ठेवतात. आपलं आडनाव असतं तसंच.

तीन आडनावं लक्षात ठेवा. एनालाप्रिल, रामिप्रिल हे ‘प्रिल’वाले बीपीसाठी असतात. रक्तवाहिन्या आवळणारा एक पदार्थ ते शरीरात कमी तयार होऊ देतात. यांनी काहींना कोरडा खोकला लागतो. ‘सार्टन’ त्याच पदार्थाचं काम अडवतं, पण त्याने खोकला क्वचितच होतो. अटोर्व्हास्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिन हे ‘स्टॅटिन’वाले कोलेस्टेरॉल कमी करतात.

दोन पट्ट्यांवर एकच आडनाव दिसलं, किंवा एकीवर प्रिल आणि दुसरीवर सार्टन दिसलं, तर लगेच विचारा. दोन्ही एकाच वाटेवर काम करतात. एकत्र घेतल्यास बीपी फार उतरू शकतं, रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं, मूत्रपिंडावर ताण येतो. टेल्मिसार्टनसोबत अम्लोडिपिन मात्र डॉक्टर मुद्दाम देतात. त्याचं कूळ वेगळं आहे. काही वेळा ही दोन्ही एकाच गोळीत असतात, म्हणून पट्टीवरची सगळी नावं वाचा.

आडनावावरून फसगतही होते. निस्टॅटिन हे बुरशीवरचं औषध आहे, कोलेस्टेरॉलचं नाही. म्हणून शेवट ही फक्त खूण समजा. त्यावरून स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका, बदलूही नका. आणि सून-लेक गरोदर असेल किंवा दिवस राहिल्याची शंका असेल, तर प्रिल, सार्टन किंवा स्टॅटिन चालू असल्याचं त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. प्रिल आणि सार्टनने पोटातल्या बाळाला इजा होऊ शकते.

मावशींना आम्ही दोन्ही पट्ट्या घेऊन आरोग्य केंद्रात पाठवलं. डॉक्टरांनी बीपी मोजलं, रक्त तपासायला दिलं आणि एक गोळी थांबवली. अंधारी गेली. आता दवाखान्यात जाताना त्या घरातल्या सगळ्या पट्ट्या पिशवीत घालूनच निघतात. इंग्रजी अक्षरं वाचता येत नसतील, तर शाळेत जाणाऱ्या नातीकडून शेवट वाचून घ्या.